विषाणूंची वर्गवारी: जनुकीय द्रव्य, कवच आणि आवरण

१९६५ साली नागपूर परिसरात तापाची साथ असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञ रुग्णांच्या रक्तात डेंग्यू आणि चिकनगुनियाचे विषाणू शोधत होते. दोन रुग्णांच्या नमुन्यांत त्यांना या दोहोंपेक्षा निराळाच विषाणू मिळाला आणि त्या भागातील एका गावावरून त्याला चांदीपुरा हे नाव देण्यात आले. वाळूमाशीच्या चाव्यातून पसरणाऱ्या या विषाणूने पुढे २००३ मध्ये आंध्र प्रदेशात आणि २०२४ मध्ये गुजरातेत लहान मुलांमध्ये मेंदूज्वराच्या साथी घडवल्या, त्यामुळे त्याचे नाव वर्तमानपत्रांतून अनेकांच्या वाचनात आले असेल. मात्र या नावावरून तो कोठे सापडला एवढेच कळते. तो पेशीत शिरल्यावर काय करतो, साबणाने मरतो की नाही, त्याचे नातलग कोण, यांपैकी कशाचाही पत्ता त्यातून लागत नाही. चांदीपुऱ्याचे जवळचे नातलग अमेरिका खंडातील गुराढोरांच्या आणि घोड्यांच्या तोंडाला फोड आणणारे विषाणू आहेत, हे नावावरून किंवा आजारावरून कोणीही ओळखू शकले नसते.

विषाणूंची वर्गवारी आजार, रुग्णाचा अवयव किंवा वाहक कीटक यांवरून करण्याचे प्रयत्न बराच काळ झाले आणि ते याच कारणाने अपुरे पडले. १९६२ मध्ये आंद्रे ल्वॉफ, रॉबर्ट हॉर्न आणि पॉल तुर्निए या तिघांनी असे सुचवले की विषाणू काय करतो हे बाजूला ठेवून त्याचा कण कसा घडलेला आहे हे पाहावे. त्यासाठी त्यांनी मुख्यतः तीन प्रश्न पुढे ठेवले: आत डीएनए आहे की आरएनए, त्याभोवतीच्या प्रथिनांच्या कवचाची सममिती कोणती, आणि त्या कवचावर आणखी एक स्निग्ध आवरण आहे की नाही. पुढे पहिल्या प्रश्नाला डेव्हिड बाल्टिमोर यांनी अधिक धार आणली. आज प्रत्येक विषाणूच्या जनुकीय मजकुराचे वाचन सहज होते आणि नातेसंबंध त्यावरून ठरतात, तरीही हे तीन प्रश्न टिकून आहेत, कारण त्यांच्या उत्तरांवरून विषाणूच्या वागण्याविषयी बरेच काही आधीच सांगता येते.

पहिला प्रश्न: जनुकीय द्रव्य

विषाणूकडे प्रथिने तयार करण्याची यंत्रणा नसते. ती पेशीकडे असते आणि तिला रायबोसोम म्हणतात. रायबोसोम केवळ एकाच प्रकारचा मजकूर वाचू शकतो, तो म्हणजे संदेशवाहक आरएनए. त्यामुळे विषाणूच्या आत जनुकीय द्रव्य कोणत्याही स्वरूपात असले, तरी त्याला कोणत्या ना कोणत्या मार्गाने संदेशवाहक आरएनए तयार करावाच लागतो. बाल्टिमोर यांनी १९७१ मध्ये हाच धागा पकडला आणि विषाणू या एका ठिकाणी कोणत्या वाटेने पोहोचतो यावरून त्यांचे सहा गट पाडले. सातवा गट नंतर जोडला गेला.

या मांडणीची मुळे आदल्या वर्षीच्या एका प्रयोगात आहेत आणि तो प्रयोग चांदीपुऱ्याच्या त्याच अमेरिकी नातलगावर झाला होता. या विषाणूंचे जनुकीय द्रव्य म्हणजे आरएनएचा एकच धागा असतो, पण तो संदेशाच्या उलटा असतो. रबरी शिक्क्यावरची अक्षरे जशी उलटी कोरलेली असतात आणि कागदावर ठसा उमटल्याशिवाय ती वाचता येत नाहीत, तसाच हा धागा असतो. रायबोसोमला तो वाचता येत नाही, आधी त्याची सुलटी प्रत निघावी लागते. अडचण अशी की आरएनएवरून आरएनएची लांबलचक प्रत काढणारे विकर प्राण्यांच्या पेशीत या कामासाठी उपलब्धच नसते. मग पहिली प्रत कोण काढतो? बाल्टिमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुद्ध केलेले विषाणूकण घेतले, सौम्य अपमार्जकाने त्यांचे आवरण सैल केले आणि त्यात आरएनए बनण्यासाठी लागणारे चार घटक घातले. पेशी एकही नसताना नळीत नवा आरएनए तयार झाला आणि तो विषाणूच्या धाग्याला पूरक होता. याचा अर्थ प्रत काढणारे विकर विषाणू स्वतःच्या कणात भरून बरोबर आणतो.

चांदीपुऱ्याचेही असेच आहे. त्याचा धागा सुमारे ११,००० घटकांचा, म्हणजे सोयीसाठी म्हणायचे तर ११,००० अक्षरांचा आहे आणि त्यावर पाच प्रथिनांचे मजकूर एकापाठोपाठ एक येतात. विकर एका टोकाकडून वाचायला सुरुवात करते आणि दोन मजकुरांच्या दरम्यान प्रत्येक वेळी त्यातली काही विकरे गळून पडतात. परिणामी पहिल्या मजकुराच्या प्रती सर्वांत जास्त आणि पाचव्याच्या सर्वांत कमी निघतात. पहिला मजकूर आरएनएला गुंडाळणाऱ्या प्रथिनाचा आहे, ज्याच्या हजाराहून अधिक प्रती एका कणाला लागतात. शेवटचा त्या विकराचा आहे, ज्याच्या थोड्याच प्रती पुरतात. गरज आणि क्रम यांची ही जुळणी पाहिली की पाचवा गट, म्हणजे ऋण धाग्याचे एकपदरी आरएनए विषाणू, वेगळा का मोजावा लागतो हे लक्षात येते. रेबीज, गोवर, गालगुंड, निपाह, इबोला आणि इन्फ्लुएंझा यांचे विषाणू याच गटात आहेत. इन्फ्लुएंझाचा धागा मात्र सलग नसून आठ तुकड्यांत विभागलेला असतो. दोन वेगळ्या जातींचे इन्फ्लुएंझा विषाणू एकाच पेशीत शिरले तर या तुकड्यांची अदलाबदल होऊन एकदम नवा विषाणू उपजू शकतो, जे गोवराच्या बाबतीत घडत नाही.

याच्या नेमका उलट चौथा गट आहे. यात आरएनएचा धागा सुलटा, म्हणजे धन असतो आणि पेशीत शिरताच रायबोसोम तो थेट वाचू लागतो. पोलिओ, डेंग्यू, चिकनगुनिया, हेपटायटिस सी आणि कोविडचा विषाणू ही यातील परिचित उदाहरणे आहेत. हा फरक तपासण्याची एक सोपी कसोटी आहे. विषाणूतून निव्वळ आरएनए वेगळा काढून तो पेशीत घातला तर चौथ्या गटातील विषाणूंची बाधा सुरू होते. पाचव्या गटातील आरएनए मात्र एकटा असताना काहीही करू शकत नाही, कारण त्याचे विकर मागे राहिलेले असते. तंबाखूच्या पानांवर केवडा रोग आणणाऱ्या विषाणूचा नुसता आरएनए रोग निर्माण करतो हे १९५६ मध्येच दिसून आले होते.

तिसऱ्या गटातील आरएनए दुपदरी असतो आणि लहान मुलांना जुलाब करणारा रोटाव्हायरस हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. आरएनएचे लांब दुपदरी तुकडे निरोगी पेशीत सहसा आढळत नाहीत, त्यामुळे ते दिसताच पेशी सावध होऊन प्रतिकाराला लागते. रोटाव्हायरस हे टाळण्यासाठी आपले अकरा तुकडे कधी बाहेर काढतच नाही. त्याला प्रथिनांची तीन कवचे असतात. पेशीत शिरताना सर्वांत बाहेरचे कवच गळते, पण आतली दोन शाबूत राहतात आणि त्यांच्या आतच विकर प्रती काढत राहते. तयार संदेश कवचाच्या शिरोबिंदूंजवळील बारीक छिद्रांतून बाहेर सोडले जातात. शेळ्या-मेंढ्यांना होणाऱ्या निळ्या जिभेच्या रोगाचा दहा तुकड्यांचा विषाणूही याच गटात येतो.

डीएनए विषाणूंचे पहिले दोन गट तुलनेने समजायला सोपे आहेत. पहिल्या गटात दुपदरी डीएनए असतो, जसा आपल्या पेशीत असतो तसाच. कांजिण्यांचा विषाणू, सर्दी-डोळे येण्यास कारण होणारे अॅडिनोव्हायरस आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंधित पॅपिलोमा विषाणू हे पेशीच्या केंद्रकात जातात आणि तेथील विकरे वापरून संदेश काढतात. देवी आणि जनावरांतील लम्पी या रोगांचे पॉक्सविषाणू मात्र केंद्रकाबाहेरच राहतात. तेथे पेशीची ती विकरे नसल्याने पॉक्सविषाणूंना आपली विकरे बरोबर आणावी लागतात आणि म्हणून त्यांचा जनुकीय मजकूर बराच मोठा असतो.

दुसऱ्या गटातील डीएनए एकपदरी असतो. तो आधी दुपदरी झाल्याशिवाय त्यावरून संदेश निघत नाही आणि दुसरा पदर घालण्याचे काम पेशीची डीएनए बनवणारी यंत्रणाच करते. ही यंत्रणा मुख्यतः विभाजित होणाऱ्या पेशींत चालू असते. म्हणूनच कुत्र्यांचा पार्व्होव्हायरस पिल्लांच्या आतड्याच्या अस्तरावर आणि अस्थिमज्जेवर, म्हणजे शरीरातील सर्वांत वेगाने वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. भेंडीवर पांढऱ्या माशीमार्फत येणाऱ्या हळद्या रोगाचा विषाणूही एकपदरी डीएनएचाच आहे. आतले द्रव्य पाहिले तर पिल्लाचा आणि भेंडीचा विषाणू एका गटात बसतात, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटते. येथे एक खुलासा आवश्यक आहे: बाल्टिमोर यांचे गट वंशावळ सांगत नाहीत, कार्यपद्धती सांगतात.

उरलेल्या दोन गटांची कथा एका फसलेल्या कसोटीपासून सुरू होते. डीएनएवरून आरएनए निघण्याची क्रिया अॅक्टिनोमायसिन डी या औषधाने थांबते, त्यामुळे हे औषध घातलेल्या पेशीत डीएनए विषाणू वाढत नाहीत आणि बहुतेक आरएनए विषाणू निर्धास्त वाढतात. विषाणूचे द्रव्य कोणते हे ठरवण्यासाठी ही उपयुक्त कसोटी होती. पण कोंबड्यांत गाठी आणणारा राऊस सार्कोमा विषाणू आरएनएचा असूनही या औषधाने थांबत असे. हॉवर्ड टेमिन यांनी त्यावरून असा अंदाज बांधला की हा विषाणू मध्ये कोठेतरी डीएनएच्या रूपात जात असला पाहिजे. या कल्पनेवर कित्येक वर्षे फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९७० मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळांत, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, आरएनएवरून डीएनए काढणारे विकर या विषाणूंच्या कणातच सापडले. एचआयव्ही ज्यात मोडतो तो सहावा गट हा असा आहे: आत एकपदरी आरएनए, त्याचा डीएनए होतो, तो पेशीच्या डीएनएत जाऊन बसतो आणि मग संदेश निघतात.

सातव्या गटातील हेपटायटिस बीचा विषाणू हीच वाट दुसऱ्या टोकाकडून चालतो. त्याच्या कणात केवळ ३,२०० अक्षरांचा, अर्धवट दुपदरी, गोलाकार डीएनए असतो. केंद्रकात तो पूर्ण होतो, त्यावरून आरएनए निघतो आणि नव्या कणांत भरताना त्या आरएनएवरून पुन्हा डीएनए बनवला जातो. एकाच्या कणात आरएनए आणि दुसऱ्याच्या कणात डीएनए असल्याने वरवर पाहता एचआयव्ही आणि हेपटायटिस बी यांचा काही संबंध दिसत नाही, पण उलट प्रत काढणारे विकर दोघांकडेही आहे आणि म्हणून टेनोफोव्हिर हे औषध दोघांवरही चालते. वर्गवारी नुसती कागदावर राहत नाही, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

दुसरा प्रश्न: कवचाची सममिती

विषाणूचे कवच एकसारख्या प्रथिनांच्या पुनरावृत्तीतूनच का बनते, याचे उत्तर हिशेबात आहे. तंबाखूच्या केवडा विषाणूचा आरएनए ६,३९५ अक्षरांचा आहे. तीन अक्षरांमागे प्रथिनातील एक अमिनो आम्ल ठरते, म्हणजे सगळा मजकूर प्रथिनांसाठी वापरला तरी जास्तीत जास्त २,१३१ अमिनो आम्लांपुरती माहिती त्यात मावते. पण या विषाणूचे कवच २,१३० प्रथिनांचे आहे आणि प्रत्येक प्रथिनात १५८ अमिनो आम्ले आहेत, म्हणजे एकूण ३,३६,५४० अमिनो आम्ले. प्रत्येक भाग वेगळा असता तर आतल्या मजकुरात या कवचाचे वर्णन मावणे अशक्य होते. त्याऐवजी १५८ अमिनो आम्लांसाठी लागणारी ४७४ अक्षरे एकदाच लिहिली की तेच प्रथिन हजारो वेळा बनवून घेता येते. फ्रान्सिस क्रिक आणि जेम्स वॉटसन यांनी १९५६ मध्ये असाच तर्क मांडला आणि पुढचे पाऊलही टाकले: एकसारखे असंख्य घटक एकमेकांना एकाच पद्धतीने जोडले तर ठरावीक सममित आकारच तयार होऊ शकतात.

पहिला आकार मळसूत्री आहे. प्रथिने आरएनएच्या धाग्याला धरून चक्राकार वर चढत जातात. केवडा विषाणूत एका वेढ्यात सोळा पूर्णांक एक तृतीयांश प्रथिने बसतात आणि ३०० नॅनोमीटर लांब, १८ नॅनोमीटर जाड, ताठ दांडी तयार होते. चांदीपुरा विषाणूचा आरएनएही असाच मळसूत्री गुंडाळलेला असतो, पण तो आवरणाच्या आत असल्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला बंदुकीच्या गोळीसारखा एक बाजूने गोल आणि दुसऱ्या बाजूने सपाट कण दिसतो. गोवर, इन्फ्लुएंझा आणि कोविड यांचे विषाणू बाहेरून गोलसर दिसतात, तरी त्यांच्याही आत मळसूत्री दोरा असतो. त्यामुळे कणाचा बाह्य आकार पाहून सममिती ठरवणे हा नवख्या विद्यार्थ्यांचा नेहमीचा घोटाळा असतो.

दुसरा आकार वीस त्रिकोणी पृष्ठांचा असतो आणि त्याला वीसफलकी म्हणतात. त्याला बारा शिरोबिंदू असतात. एकसारखे घटक एकसारख्या जागी बसवून जास्तीत जास्त साठ घटकांचे बंद कवच बनवता येते आणि पार्व्होव्हायरसचे कवच नेमके साठ प्रथिनांचे असते. परंतु इतक्या लहान कवचात सुमारे ५,००० अक्षरांपेक्षा जास्त डीएनए मावत नाही. मोठे कवच कसे बनते हे डोनाल्ड कॅस्पर आणि आरॉन क्लूग यांनी १९६२ मध्ये समजावून दिले. घटकांची संख्या साठच्या तिप्पट, चौपट, सातपट अशा ठरावीक पटींतच वाढू शकते, दुपटीत नाही. शिरोबिंदूंवर पाच-पाच घटकांचे आणि इतर ठिकाणी सहा-सहा घटकांचे गट बसतात. उलटी-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसच्या कवचात १८० प्रथिने आहेत. हर्पिस कुळातील विषाणूंच्या कवचावर १६२ उंचवटे दिसतात आणि अॅडिनोव्हायरसवर २५२, पण दोन्हींत पाच शेजारी असलेले उंचवटे बाराच असतात. कवच कितीही वाढले तरी शिरोबिंदू बदलत नाहीत. निसर्ग मात्र नियमाला अपवाद ठेवतोच: पॅपिलोमा विषाणूच्या कवचावरचे ७२ उंचवटे सगळेच पाच-पाच प्रथिनांचे आहेत, सहाचा एकही नाही. याच विषाणूचे मुख्य कवच-प्रथिन एकटेच यीस्टच्या पेशीत तयार करून घेतले, तरी ते आपोआप जुळून रिकामे कवच बनवते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस या स्वयंजुळणीवरच उभी आहे.

सममितीचा एक व्यावहारिक परिणामही आहे. वीसफलकी कवचाची आतली जागा पक्की असते. पार्व्हो कुळातील विषाणू जनुकोपचारात वाहक म्हणून वापरताना त्यात सुमारे ४,७०० अक्षरांपलीकडे मजकूर भरता येत नाही आणि एखाद्या रोगाचे जनुक त्याहून लांब असेल तर ते तोडून दोन कणांत विभागावे लागते. मळसूत्री विषाणूत अशी भिंत नसते. धागा लांबला की वेढे वाढतात आणि कणही लांबतो. चांदीपुऱ्याच्या अमेरिकी नातलगात इबोलाच्या पृष्ठ-प्रथिनाचा मजकूर घालून बनवलेली लस २०१९ मध्ये मान्य झाली. असा बदल सहन करण्याची सोय त्याच्या रचनेतच होती.

या दोन्ही साच्यांत न बसणारे विषाणूही आहेत. लम्पीसारख्या पॉक्सविषाणूंचे कण विटेसारखे आणि आतून अनेक भागांचे असतात. काही जिवाणूभक्षक विषाणूंना वीसफलकी डोके आणि मळसूत्री शेपूट अशी दोन्ही असतात. एचआयव्हीचे आतले कवच शंकूच्या आकाराचे असते, तर भेंडीच्या विषाणूत दोन अपुरी वीसफलकी कवचे एकमेकांना चिकटलेली असतात.

तिसरा प्रश्न: आवरण

काही विषाणू पेशीतून बाहेर पडताना तिच्या पटलाचा तुकडा ओढून अंगावर घेतात. या स्निग्ध पटलात विषाणूची स्वतःची प्रथिने रोवलेली असतात आणि तीच नव्या पेशीला चिकटण्याचे काम करतात. पटल विरघळले की ही प्रथिने विखुरतात आणि आतले जनुकीय द्रव्य कितीही सुरक्षित असले तरी तो कण बाधा करू शकत नाही. साबण, अल्कोहोल आणि पित्त हे तिन्ही पटल मोडतात. म्हणूनच कोविडच्या काळात अल्कोहोलयुक्त द्रव उपयोगी पडला. नोरोव्हायरस किंवा पोलिओसारख्या अनावृत विषाणूंवर मात्र तो फारसा चालत नाही. तेथे साबण-पाण्याने हात धुण्याचा उपयोग होतो, तो विषाणू मरतो म्हणून नव्हे, हातावरून वाहून जातो म्हणून.

प्रयोगशाळेत अज्ञात विषाणूला आवरण आहे की नाही हे पाहण्याची पद्धतही यावरच आधारलेली आहे. नमुन्याचे दोन भाग करतात, एकात ईथर मिसळून तो थंड जागी ठेवतात, दुसरा तसाच ठेवतात आणि नंतर ईथर उडवून दोन्हींत बाधा करू शकणारे किती कण उरले ते पेशींवर मोजतात. संख्या प्रचंड घटली तर आवरण आहे, जवळपास तेवढीच राहिली तर नाही. तुलनेसाठी आवरण असलेला आणि नसलेला असे दोन माहितीतले विषाणूही सोबत तपासतात, कारण त्याशिवाय ईथरने आपले काम केले की नाही हेच कळत नाही. ही कसोटी काही पॉक्सविषाणूंबाबत फसते. ते ईथरला दाद देत नाहीत, पण क्लोरोफॉर्मने निष्प्रभ होतात.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे या तिसऱ्याशी जोडली की एक ठळक गोष्ट दिसते. प्राण्यांच्या विषाणूंमध्ये मळसूत्री कवच असले की आवरण असतेच. उघडे मळसूत्री विषाणू वनस्पतींत मुबलक आहेत, प्राण्यांत नाहीत. वीसफलकी विषाणू मात्र दोन्ही प्रकारचे आहेत: अॅडिनो, पॅपिलोमा, पार्व्हो, रोटा आणि पोलिओ उघडे, तर हर्पिस, चिकनगुनिया आणि हेपटायटिस बी आवरणात.

हे तिन्ही प्रश्न एकत्र वापरून पाहायचे तर विषाणूजन्य कावीळ घ्यावी. ए, बी, सी, डी आणि ई अशी नावे ऐकून हे पाच भाऊ असावेत असा समज होतो, पण यकृताला सूज आणणे याखेरीज त्यांच्यात सामाईक फारसे काही नाही. ए आणि ई हे चौथ्या गटातील, वीसफलकी कवचाचे आणि पाण्यातून पसरणारे विषाणू आहेत, तरी दोघांची कुळे वेगळी आहेत. सी हाही चौथ्याच गटातला आहे, पण त्याला आवरण आहे आणि तो मुख्यतः रक्तातून पसरतो. बी सातव्या गटात बसतो. डीचा आरएनए ऋण धाग्याचा, गोलाकार आणि केवळ १,७०० अक्षरांच्या आसपासचा असतो. आवरणावरील प्रथिने तो स्वतः बनवू शकत नाही, ती बी विषाणूकडून उसनी घेतो. म्हणून बी विषाणूची बाधा नसलेल्या व्यक्तीत तो पसरू शकत नाही आणि बीची लस घेतलेल्याला डीपासूनही संरक्षण मिळते. पाण्यात क्लोरीन घालणे, रक्त तपासून देणे आणि नवजात बाळाला लस टोचणे हे तीन वेगवेगळे उपाय एकाच आजारासाठी का करावे लागतात, याचे कारण या पाच कणांच्या घडणीत आहे.

आवरणावरून वागणुकीचा अंदाज बांधताना मात्र सावध राहावे लागते. आवरण असलेला विषाणू शरीराबाहेर लवकर निष्प्रभ होतो असा सर्वसाधारण नियम असला, तरी हेपटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागात किमान सात दिवस बाधा करण्याची क्षमता टिकवून ठेवतो, आणि देवीच्या खपल्यांतला विषाणू तर त्याहून कितीतरी जास्त काळ टिकत असे. त्यामुळे केवळ आवरण आहे म्हणून सांडलेल्या रक्ताकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे ठरते.

आवरण आहे की नाही, या प्रश्नाला नेहमी होय किंवा नाही असे उत्तर मिळेलच असेही नाही. हेपटायटिस ए हा अनावृत विषाणूचे पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणून अनेक वर्षे शिकवला गेला. २०१३ मध्ये असे दिसून आले की यकृताच्या पेशीतून बाहेर पडताना तो तिच्या पटलात गुंडाळलेला असतो आणि रुग्णाच्या रक्तात त्याच अवस्थेत फिरतो. या पटलात विषाणूची स्वतःची पृष्ठ-प्रथिने नसतात, त्यामुळे प्रतिपिंडांना कवच सहजासहजी सापडत नाही. यकृतातून जे कण पित्तनलिकेत उतरतात त्यांचे पटल पित्तामुळे गळून पडते आणि विष्ठेतून पाण्यात जातो तो उघडा, टणक कण. हेपटायटिस ईचेही असेच असते. एकाच विषाणूची रक्तातली आणि विष्ठेतली रूपे अशी वेगळी असल्याने त्यांना अर्धावृत म्हणण्याची पद्धत पडली आहे, आणि तक्त्यात मात्र दोघेही अजून अनावृत विषाणूंच्याच रकान्यात लिहिले जातात, कारण एका माणसाकडून दुसऱ्याकडे पोहोचणारा कण उघडाच असतो.